सत्तर नगांची तक्रार मी चौसष्टचीच केली

भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीकडून बेअरिंग हाउसिंगची बिडाची कास्टिंग घेतो आणि त्यांचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, मापात कापून पंपवाल्यांना देतो. चार वर्षांचा व्यवहार, रिजेक्शन शेकड्याला दोनच्या आसपास. ह्या पावसाळ्यात मात्र ८ जुलै, २२ जुलै आणि ५ ऑगस्ट असे दोन-दोनशे नगांचे तीन लॉट आले आणि सहाशेपैकी सत्तर नग रेड बिनमध्ये जाऊन पडले. वरून कास्टिंग एकदम स्वच्छ. बोअरचा शेवटचा कट घेतला की आत भोकं.

सेल्सवाला माणूस चांगला आहे. फोन उचलतो, ऐकतो आणि म्हणतो, "दादा, पुढच्या लॉटला बघतोच." पुढच्या लॉटला पुन्हा तेच. सहा आठवडे असे गेल्यावर एका रात्री मी त्यांच्या जनरल मॅनेजरना मेल लिहायला बसलो. त्यात 'वारंवार सांगूनही', 'अत्यंत बेजबाबदार', 'आमचं कस्टमरसमोर नाक कापलं गेलं' असं सगळं होतं. सगळं खरंही होतं. पण सकाळी वाचताना वाटलं, हा माणूस हे वाचून नक्की करणार काय? फार तर सेल्सवाल्याला झापेल, आणि तो मला फोन करून म्हणेल, "दादा, पुढच्या लॉटला बघतोच."

माझं मत तिथेच पक्कं झालं. वरच्या साहेबाला लिहायचं तर त्याच्या हातात असा कागद द्यायला हवा, जो घेऊन तो थेट स्वतःच्या शॉपफ्लोअरवर जाऊ शकेल. आपला राग घेऊन त्याला कुठेच जाता येत नाही.

म्हणून मेल बाजूला ठेवला आणि क्वालिटी बघणाऱ्या मुलीला रेड बिन जमिनीवर रिकामी करायला लावली. प्रत्येक कास्टिंगवर हीट कोड असतो, म्हणजे ते कुठल्या दिवशी, कुठल्या वितळणीतून ओतलं त्याची खूण. तिने कोडप्रमाणे ढीग लावले. तीन लॉटमध्ये मिळून हीट होत्या पाच, आणि भोकांच्या नगांपैकी एक्कावन्न नग फक्त दोन हीटचे निघाले! इतके दिवस आम्ही 'तुमचं मटेरियल खराब आहे' म्हणत होतो. ते अर्धवट होतं. त्यांच्या दोन ठरावीक दिवसांत काहीतरी बिघडलं होतं, आणि ते दिवस त्यांच्याच नोंदवहीत सापडणार होते.

ढीग लावताना आणखी एक गोष्ट निघाली. सत्तरमधले सहा नग आमचेच होते. चार ठिकाणी आमच्या ऑपरेटरने बोअर मोठा केला होता आणि दोन नग उतरवताना पडून कान तुटले होते. भावाचं म्हणणं, "राहू दे त्यातच, कोण मोजतंय?" मी ते काढले, आणि काढले हे मेलमध्ये लिहिलंसुद्धा: एकूण सत्तर, पैकी सहा आमच्या चुकीचे, तक्रार चौसष्टची. मोठेपणा म्हणून नाही हो. नग परत गेल्यावर त्यांचा माणूस एकेक तपासणार, आणि सहा नग आमच्या चुकीचे सापडले की उरलेल्या चौसष्टवरही त्याचा विश्वास बसणार नाही.

कारण मात्र मी लिहिलं नाही. मनात आलं होतं की पावसाळा आहे, ओलाव्याचाच प्रकार असणार. पण ते सांगणं माझं काम नव्हे, आणि अंदाज चुकला तर सगळी चर्चा माझ्या अंदाजावरच घसरते. दिसलं तेवढंच लिहिलं: 'बोअरच्या बाजूला, जिथे कोअर बसतो त्या भिंतीत, गोल पोकळ्या, आतून गुळगुळीत.' कोअर म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा. फाउंड्रीवाल्याला एवढं पुरतं. गुळगुळीत गोल पोकळी बहुधा वायूची असते. धातू आकसून झालेली आतून खडबडीत, वेडीवाकडी असते, आणि वाळूची असेल तर तिच्यात वाळूचे कण सापडतात. दोन नग कापून फोटो काढले, शेजारी व्हर्नियर ठेवून आणि हीट कोड दिसेल असे.

आता पैशाचं, कारण बरेच जण इथेच घसरतात. मी बिलं अडवून धरणार होतो. सीएने थांबवलं. फाउंड्री एमएसएमईत लघु उद्योग म्हणून नोंदलेली आहे. कायद्याप्रमाणे माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली, तरच पैसे देण्याची मुदत हरकत मिटल्यावर सुरू होते. नाहीतर माल मिळाल्या दिवसापासून, आणि करार काहीही असला तरी ४५ दिवसांच्या पुढे नाही. माझे सगळे फोन ह्या हिशेबात शून्य. सेल्सवाल्याला पाठवलेला पहिला लेखी मेल होता १२ ऑगस्टचा, म्हणजे फक्त तिसऱ्या लॉटसाठी वेळेत. पहिल्या दोन लॉटचे पैसे मी मुकाट्याने भरले आणि तिसऱ्यातल्या फक्त वादातल्या नगांचे ठेवले. मेलमध्ये तेही एका ओळीत लिहिलं. थकबाकीदाराने तक्रार केली की समोरचा आधी थकबाकीवर बोलतो, ती वाट बंद झाली.

पाठवायच्या आधी शुक्रवारी सेल्सवाल्याला फोन केला. "सोमवारी तुमच्या साहेबांना लिहितोय. तुम्ही सीसीत असाल, आणि तुम्ही फोन उचलत नाही असं त्यात कुठेही नाही." तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "टाका दादा. माझं तिथे कोणी ऐकत नाहीये." म्हणजे तोही अडकलेलाच होता!

मेल एका पानाचा झाला. वर मागणी, खाली हीटप्रमाणे तक्ता. मागण्या तीन: चौसष्ट नग बदलून द्या, नगामागे २१० रुपयांप्रमाणे वाया गेलेल्या मशीनिंगचे १३,४४० रुपये द्या, आणि त्या दोन हीटचा तुमच्याकडे पडलेला माल तपासल्याशिवाय पाठवू नका. उत्तरासाठी दहा दिवस. 'धंदा बंद करू' लिहिलं नाही, कारण करणार नव्हतो. दुसरी फाउंड्री पॅटर्न लावून सॅम्पल पास करेपर्यंत दोन-तीन महिने जातात, हे त्यांनाही ठाऊक आहे. जे खरंच करणार होतो तेच लिहिलं: पुढच्या प्रत्येक लॉटमधले वीस नग आधी बोअर करून बघू, मगच लॉट आत घेऊ.

तिसऱ्या दिवशी जनरल मॅनेजरचा स्वतःचा फोन आला. पहिला प्रश्न, "ते सहा नग तुमचे कसे गेले?" सांगितलं. हसले, आणि म्हणाले, "बरं, आता आमचे चौसष्ट बोला."

आठवड्याने कळलं ते असं. त्या दोन दिवसांचे कोअर आधी बनवून शेडच्या उघड्या बाजूला ठेवलेले होते. सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइडवर घट्ट केलेले कोअर दमट हवेत पाणी ओढतात. ओतताना त्या पाण्याची वाफ होते, आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूतच अडकते. आता पावसाळ्यात कोअर त्याच दिवशी वापरायचे असं त्यांनी ठरवलंय.

नग बदलून मिळाले. मशीनिंगचे पैसे निम्मेच, ६,७२०. ह्यावर मी ताणलं नाही, कारण आमच्या खरेदीच्या ऑर्डरमध्ये, म्हणजे पीओमध्ये, त्याबद्दल अक्षरही नव्हतं, आणि 'कास्टिंगची किंमत देऊ, मशीनिंगची नाही' ही ह्या धंद्यातली जुनी रीत आहे. नव्या पीओत मशीनिंगचे पैसेही द्यायचे अशी ओळ घातलीय. त्यांनी अजून सही करून पाठवलेली नाही. सेल्सवाला म्हणतो, बघतोच.