मुलाखतीत चुकलेलं उत्तर आणि दुसऱ्या दिवशीचा छोटासा मेल

मुलाखत देऊन माणूस बाहेर पडतो आणि कुपवाडहून शंभर फुटी रस्त्याला लागेपर्यंत डोक्यात लख्ख उजेड पडतो, की अरे, ते एक उत्तर साफ चुकलं. घरी आल्यावर सल्ला ठरलेला असतो. "झालं ते झालं, आता उकरून काढू नकोस. त्यांच्या ध्यानातही आलं नसेल."

मला हा सल्ला पटत नाही, आणि मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते म्हणून सांगते. एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी अकाउंट्स बघते. अकाउंट्सच्या जागेसाठी कोणी आलं की हिशेबाचे प्रश्न मीच विचारते. ध्यानात आलेलं असतं हो. बऱ्याचदा तो प्रश्न त्यासाठीच विचारलेला असतो.

आमच्याकडच्या एका मुलाखतीचं उदाहरण देते. मुलगी तासगावकडची, एम.कॉम., सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात काम केलेली. मी तिला आमच्या रोजच्या व्यवहारातलाच प्रश्न घातला. एक छोटा पुरवठादार आहे, उद्यम नोंदणी आहे, सूक्ष्म उद्योग, आपल्याला पॅटर्न बनवून देतो. 2,40,000 रुपयांचा माल 10 मार्चला आपण स्वीकारला. लेखी करार काही नाही, सगळं तोंडी. पैसे दिले 20 एप्रिलला. तर 31 मार्चला संपणाऱ्या वर्षात हा खर्च आयकरात वजा मिळेल का?

तिने क्षणभरही न थांबता सांगितलं, "मिळेल मॅडम. एमएसएमईला 45 दिवस असतात. 24 एप्रिलपर्यंत मुदत आहे, आपण 20 लाच दिले."

दिवसांचा हिशेब तोंडी आणि अचूक केला, याचं कौतुक वाटलं. पण उत्तर चूक. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्यात 45 दिवस ही लेखी करार असेल तेव्हाची कमाल मर्यादा आहे. करारात 60 किंवा 90 दिवस लिहिले तरी 45 च्या पुढे जाता येत नाही. करारच नसेल तर मिळतात फक्त 15 दिवस. म्हणजे मुदत 25 मार्चलाच संपली. पैसे मुदतीत दिले नाहीत आणि वर्षही उलटलं, म्हणून आयकर कायद्याच्या 43बी(एच) कलमाखाली तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे दिले त्या, म्हणजे पुढच्या वर्षी धरता येतो. कंपनी साधारण 25 टक्क्यांनी कर भरत असेल तर साठ हजारांच्या आसपास कर एक वर्ष आधी भरावा लागतो. (ही मुलाखत जुना आयकर कायदा चालू असतानाची. नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, पण 15 आणि 45 चा नियम एमएसएमईडी कायद्यातला आहे.)

मी तिथे काही बोलले नाही. समोरच्या कागदावर पेन्सिलने लिहिलं, "45? करार आहे का, विचारलं नाही." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेल आला. इंग्रजीत होता, मराठीत सांगायचा तर असा:

"नमस्कार मॅडम,
करार लेखी नसेल तर एमएसएमई पुरवठादाराला पैसे द्यायची मुदत माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांची आहे. 45 दिवस लेखी करार असेल तरच. काल मी सरसकट 45 सांगितले होते. त्यामुळे तुमच्या उदाहरणातले 2,40,000 रुपये या वर्षी वजा मिळणार नाहीत, पैसे दिले त्या वर्षी मिळतील.
कालच्या चर्चेबद्दल आभार."

खाली नाव आणि मोबाईल नंबर. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, "कालच्या मुलाखतीतील एमएसएमई पेमेंटचं उत्तर". संपलं.

यातली पहिली ओळ बघा. बरोबर काय आहे ते आधी आलंय, आपलं कालचं उत्तर नंतर, तेही एका वाक्यात. वाचणाऱ्याच्या डोक्यात पहिल्यांदा बसतं ते बरोबर उत्तर. सॉरी कुठे नाही, नर्व्हस होते नाही, रात्रभर झोप लागली नाही, असलं काही नाही. आणि मला सगळ्यात आवडली ती तिसरी गोष्ट. नुसता नियम दुरुस्त करून ती थांबली नाही, तो माझ्या उदाहरणाला लावून शेवटचं उत्तरही बदलून दिलं. "45 नाही, 15" एवढंच लिहिलं असतं तर मला वाटलं असतं, घरी जाऊन गुगल केलं. 2,40,000 चं काय होतं ते लिहिलं, म्हणजे नियमाचा परिणाम तिला कळलाय.

पुढे ती आमच्याकडे रुजू झाली. तेव्हा एकदा चहाच्या वेळी तिने सांगितलं, की त्याच संध्याकाळी तिने मेल लिहून ठेवला होता आणि त्यात "बिलाच्या तारखेपासून 15 दिवस" असं होतं. पाठवण्याआधी मूळ कायदा उघडला, तर दिवस बिलापासून मोजतच नाहीत. माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतात. मालाबद्दल 15 दिवसांत लेखी तक्रार केली नाही तर माल हातात पडला तोच दिवस स्वीकारल्याचा धरतात. तो मेल तसाच गेला असता तर दुरुस्तीच चुकली असती, आणि मग माझ्या कागदावर पेन्सिलच्या जागी पेन आलं असतं. पहिली चूक घाईत झाली म्हणून सोडून देता येते. घरी बसून, विचार करून लिहिलेल्या चुकीला काही सबब नसते. म्हणून त्याच रात्री पाठवायची घाई करू नये असं माझं मत आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यावरून तर मुळीच नको, मूळ कायदा किंवा शासनाचं परिपत्रक उघडून बघावं आणि सकाळी पाठवावं.

सकाळच का, तर संध्याकाळपर्यंत आमच्यासारख्या कारखान्यात निर्णय झालेला असू शकतो. मोठ्या कंपन्यांत आठवडा जातो. इथे मालक संध्याकाळी केबिनमध्ये बोलावून विचारतात, "काय मग, कोण बरा वाटला?" आणि विषय मिटतो. चार दिवसांनी आलेली दुरुस्ती कितीही नेमकी असली तरी ती वाचायचं कारण उरलेलं नसतं.

याच्या उलट एक मेल मला त्याआधी आला होता. मुलगा हुशार होता. चूक अगदी किरकोळ, एका रिटर्नची तारीख सांगताना 20 ऐवजी 21 म्हणाला होता. जीएसटीआर-3बी दर महिना भरणाऱ्यांसाठी 20 तारीख असते हे त्याला येत होतं, जीभ घसरली होती. मी ते लिहूनही घेतलं नव्हतं. त्यावर त्याने पानभर मेल पाठवला. आई आजारी होती, बस उशिरा मिळाली, एरवी माझ्याकडून असं होत नाही, कृपया गैरसमज नसावा. तारीख सगळ्यात शेवटी. वाचून त्याचं वाईट वाटलं, पण मनात हेही आलं की हा रोज असे मेल लिहायला लागला तर माझं काम कधी व्हायचं?

तेव्हा कुठली चूक दुरुस्त करायची हे आधी ठरवावं. माझी कसोटी सोपी आहे. ते चुकीचं उत्तर खरं धरून कोणी काम केलं तर पैशाचं, मुदतीचं किंवा मालाचं नुकसान होईल का? होणार असेल तर लिहावं. 45 आणि 15 मध्ये साठ हजारांचा प्रश्न होता. 21 तारखेवर विसंबून राहिलं तर एक दिवसाची लेट फी बसेल खरी, पण ज्याला हे दर महिन्याला भरायचं आहे तो तारीख पोर्टलवर बघतोच. आणि "तुमची कामाची पद्धत काय" असल्या प्रश्नाला उत्तर फिकं झालं असेल तर ती चूक नव्हे. नंतर सुचलेलं चांगलं उत्तर मेलने पाठवू नका, ते दुसरी मुलाखत मागितल्यासारखं दिसतं.

एका बाबतीत मात्र कसोटी वगैरे काही नाही, लिहायचंच. स्वतःबद्दल सांगितलेली माहिती. पगार 24,000 असताना तोंडातून 28,000 गेलं, नोटीस पिरियड दोन महिन्यांचा असताना एक सांगितला, परीक्षेचा एक ग्रुप बाकी असताना पूर्ण झाल्यासारखं बोललात. पगाराची स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, फॉर्म 16 हे सगळं रुजू होताना आम्ही मागतोच. दुसऱ्या दिवशी आपणहून लिहिलं तर ती दुरुस्ती असते. महिन्याभराने आम्हाला सापडलं तर त्याला खोटं म्हणतात, आणि तुमच्या बाजूने बोलायला माझ्याकडेही काही उरत नाही.

आता पाठवायचं कुठे? आपल्याकडे निम्म्या कारखान्यांत एचआर नावाचा माणूसच नसतो. ज्या मेलवरून किंवा नंबरवरून मुलाखतीचा निरोप आला, त्यावरच उत्तर द्या. व्हॉट्सॲप असेल तर व्हॉट्सॲप, तेवढाच मजकूर, व्हॉइस नोट नको. दोघं-तिघं समोर होते तर प्रश्न ज्यांनी विचारला त्यांच्या नावाने लिहा. सांगली लहान आहे, कोणाच्या तरी मामांकडे माझा घरचा नंबर निघतोच. "वहिनी, आमच्या पाहुण्यांची पोरगी आलती तुमच्याकडं, तिचं ते उत्तर..." असा फोन आला की दुरुस्तीचा वशिला होतो. सरकारी भरतीत तर मुलाखत घेणाऱ्याला असं गाठूच नये. जाहिरातीतच लिहिलेलं असतं, की कुठल्याही मार्गाने दबाव आणल्यास उमेदवार अपात्र. तिथे तोंडातून गेलं ते गेलं.

आमचे एक जुने सहकारी म्हणाले होते, "मॅडम, मेल बघून तुम्ही पाघळलात." तसं नाही. त्या मुलीला घेतलं ते टॅलीमध्ये बँकेचा ताळमेळ समोर बसवून करायला दिला आणि तिने तो जुळवला म्हणून. मेलने एवढंच केलं, की पेन्सिलने लिहिलेलं ते प्रश्नचिन्ह मी खोडलं. ज्यांना मुळात विषयच येत नाही, त्यांना असा मेल काही मिळवून देणार नाही. दहा प्रश्नांपैकी सहा चुकले असतील तर सहा दुरुस्त्या पाठवू नका, अभ्यास करा.

आणि हो, जागा भरली आहे. इनबॉक्समध्ये बायोडेटा पाठवू नयेत.