चमचा मोजायचा तर कॉफीच्या पुड्यावर मोजा

फ्रेंच प्रेस घरी आला की पहिला सल्ला मिळतो तो वजनकाटा घेण्याचा. मला हा सल्ला पटत नाही. घरात दोन गोष्टींचं अचूक माप आधीच असतं: कॉफीच्या पुड्यावर छापलेलं वजन आणि एक लिटर पाण्याची सीलबंद बाटली. तेवढ्यावर आपला चमचा आणि आपला कप कायमचे मोजून ठेवता येतात. गेली चार वर्षं मी असंच करते आहे.

आधी माझी कॉफी का बिघडायची ते सांगते. माझ्या प्रेसच्या खोक्यावर ‘८ कप’ लिहिलंय. सोबतच्या कागदावर कपाला एक चमचा असं होतं, म्हणून मी आठ चमचे घालून प्रेस भरायचे आणि पाणचट कॉफी प्यायचे. त्या प्रेसमध्ये पाणी मावतं एक लिटर, म्हणजे खोक्यावरचा ‘कप’ फक्त १२५ मिलीचा. आणि कागदावरचा चमचा म्हणजे प्रेसबरोबर येतो तो खोलगट चमचा, ज्यात साधारण ७ ग्रॅम पूड बसते. मी वापरत होते घरातला स्टीलचा चमचा, त्यात ५ ग्रॅम. लिटरला ५६ ग्रॅम जायला हवी तिथे ४० जात होती.

मग नवा २०० ग्रॅमचा पुडा फोडला तेव्हा पूड सरळ डब्यात न ओतता त्याच चमच्याने मोजून भरली. प्रत्येक चमचा सुरीच्या पाठीने सपाट केला. ४० चमच्यांत पुडा संपला, म्हणजे चमच्याला ५ ग्रॅम. पुढचा पुडा मुद्दाम शीग लावून मोजला, तर तो २५ चमच्यांतच संपला, म्हणजे ८ ग्रॅम. शिवाय शीग रोज सारखी येत नाही, म्हणून चमचा सपाटच हवा.

कपाचंही तसंच. लिटरची बाटली घेतली आणि मी रोज जिथपर्यंत भरते तिथपर्यंत कप भरत गेले. सहा कप भरले आणि वर पाव कप उरलं. म्हणजे माझा कप १६० मिलीचा. प्रेसला कॉफीच्या साधारण १५ ते १७ पट पाणी चांगलं लागतं. मी १६ पट धरते. १६० मिलीला १० ग्रॅम, म्हणजे कपाला दोन सपाट चमचे. हे माझं माप, तुमचं वेगळं येईल. दोघांसाठी मी चार चमचे पूड आणि दोन कप पाणी घेते. हातात येताना कॉफी दोन कपांपेक्षा थोडी कमीच भरते, कारण चोथा आपल्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट पाणी धरून बसतो. ते वाढवायला वरून पाणी घालू नका. पूर्ण कप हवे असतील तर पूड आणि पाणी दोन्ही सुरुवातीलाच वाढवा.

हे माप एका पूडीपुरतंच खरं. मध्ये मान्सून्ड मलबार आणली होती. मंगळूरच्या किनाऱ्यावर त्या बिया पावसाळाभर गोदामात दमट हवा खात फुगतात, त्यामुळे चमच्यात कमी वजन बसतं. तेवढ्याच पुड्याचे ४६ चमचे निघाले आणि दोन कपांना साडेचार चमचे घालावे लागले. गडद भाजलेल्या कॉफीचंही असंच होतं. भाजताना बी फुगते आणि हलकी होते. म्हणून पुडा बदलला की पुन्हा मोजायचं, पाच मिनिटांचं काम आहे.

चिकोरीवाली फिल्टर कॉफी या हिशोबात धरू नका. चिकोरी पाण्यात कॉफीपेक्षा खूप जास्त उतरते आणि ती बारीक पूड जाळीतून निसटून कपात येते. प्रेसला पूड लापशी रव्याइतकी जाडसर हवी.

आता चव. कॉफी पातळ लागली तर कपामागे अर्धा चमचा वाढवा. पण ती कडू होऊन जीभ कोरडी पडत असेल, तर चमचे कमी करून भागत नाही. तिथे पूड बारीक असते, किंवा कॉफी चार मिनिटांनंतरही चोथ्यावरच राहिलेली असते. दांडा दाबल्यावर सगळी कॉफी लगेच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या. नुसतीच जास्त दाट झाली असेल तर कपात थोडं गरम पाणी घाला, चव बिघडत नाही.

दूध घालणार असाल तर कपाला तीन चमचे. आमच्याकडे सासूबाईंना दुधाचीच लागते, म्हणून डब्याच्या झाकणावर पट्टी चिकटवली आहे: ‘काळी २, दुधाची ३’. पुडा बदलला की पट्टीही बदलते.