R काढला तरी दोन टोकं उरतात

"रेशो टेस्टने R काढला की काम झालं. टोकांवर लिमिट 1 येतं, म्हणजे श्रेणी तिथे अपसारीच. आणि एक टोक जसं, तसंच दुसरं."

घातश्रेणीच्या अभिसरण-त्रिज्येची, म्हणजे R ची, ही चिठ्ठी रत्नागिरी-चिपळूणकडच्या बी.एस्सी.च्या मुलांमध्ये एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरते आहे. गुहागरहून एसटीने शिकवणीला येणाऱ्या एका मुलीने परवा याच भरवशावर गणित सोडवलं आणि नेमकं टोकावर चुकली. मला वाईट वाटलं, कारण तोवरचं तिचं सगळं अचूक होतं.

गणित असं: Σ (x−2)ⁿ/(n·3ⁿ), n = 1 पासून. लागोपाठच्या पदांचं गुणोत्तर (|x−2|/3)·n/(n+1). n वाढत गेला की ते |x−2|/3 कडे जातं. ते 1 पेक्षा लहान हवं, म्हणून R = 3. तिने (−1, 5) लिहून खाली रेघ मारली. पण R एवढंच सांगतो की −1 आणि 5 च्या आत श्रेणी अभिसारी आहे आणि बाहेर अपसारी. नेमक्या त्या दोन बिंदूंवर काय होतं, ते तो सांगत नाही.

आता ते 1. रेशो टेस्ट आपल्या श्रेणीची तुलना भूमिती श्रेणीशी करते. टोकावर 3ⁿ छेदून जातो आणि फक्त n उरतो. n च्या कुठल्याही घाताचं गुणोत्तर 1 कडेच जातं. Σ 1/n अपसारी, Σ 1/n² अभिसारी, आणि दोन्हींना लिमिट 1. म्हणजे 1 आलं की टेस्टने काहीच सांगितलेलं नसतं. रूट टेस्टचंही इथे तेच.

म्हणून x ची किंमत मूळ श्रेणीत घाला. x = 5 घेतलं की Σ 1/n. यात 1/3 + 1/4 हे 1/2 पेक्षा मोठं, 1/5 पासून 1/8 पर्यंतची बेरीजही 1/2 पेक्षा मोठी, पुढचे दुप्पट लांबीचे गटही तसेच. बेरीज वाढतच राहते, म्हणून 5 बाहेर.

x = −1 घेतलं की (−3)ⁿ/3ⁿ = (−1)ⁿ, म्हणजे Σ (−1)ⁿ/n. इथे लाइबनिट्सची टेस्ट लावा, पण तिच्या दोन्ही अटी लिहून: 1/n सतत घटतो, आणि 0 कडे जातो. श्रेणी अभिसारी, बेरीज −ln 2. उत्तर [−1, 5).

दोन्ही टोकं सारखी नाहीत, हे इथेच दिसलं. चिठ्ठीतल्या शेवटच्या वाक्यात खरेपणा आहे तो एवढाच: एका टोकावर निरपेक्ष अभिसरण असेल, तर दुसऱ्यावरही असतंच, कारण दोन्हीकडे पदांची निरपेक्ष मूल्यं तीच असतात. छेदात n ऐवजी n² असता तर म्हणून [−1, 5] आलं असतं. छेदात नुसता 3ⁿ असता, तर टोकांवर पदं 0 कडे जातच नाहीत, आणि तिचं (−1, 5) बरोबर ठरलं असतं. तिन्हींत R तोच, 3.