ट्रॅकिओस्टॉमीची नळी अडकली, आता आधी काय?

ट्रॅकिओस्टॉमी म्हणजे श्वासासाठी गळ्याला पाडलेलं भोक. त्यात बसवलेल्या नळीबद्दल फिरणारा मेसेज: "ट्रॅकच्या पेशंटला दर दोन तासांनी सक्शन कराच. आधी सलाईनचे थेंब सोडा, मग कॅथेटर जाईल तितका खोल घाला. आतली नळी आठवड्यातून एकदा उकळली तरी पुरे. नळी अडकली किंवा निघाली तर हात न लावता हॉस्पिटल गाठा."

घड्याळ लावून सक्शन केलं की श्वासनळीचं अस्तर सोलवटतं, रक्त दिसू लागतं आणि कफ उलट वाढतो. घुरघुर ऐकू आली, नळीच्या तोंडाशी कफ दिसला किंवा पेशंट कासावीस झाला, की मग सक्शन. खोलीचा अंदाज घरीच घेता येतो. जवळच्या जादा नळीला कॅथेटर लावून मोजा आणि नळीच्या टोकापुढे अर्धा सेंटिमीटर सोडून खूण करा. कॅथेटर आत जाताना ओढ बंद, बाहेर येताना चालू, आणि सगळं दहा सेकंदांत.

सलाईनच्या थेंबांनी घट्ट कफ पातळ होत नाही, ठसका मात्र लागतो. कफ चिकट होतोय म्हणजे हवा कोरडी जातेय. डॉक्टरांना विचारून नेब्युलायझर लावा.

आतली नळी दिवसातून निदान दोन-तीनदा काढून ब्रशने धुवायची. उकळायची ती फक्त धातूची. प्लॅस्टिकची वाकडी होते.

शेवटच्या सल्ल्यावर मात्र मला राग येतो. आमच्या वॉर्डातून घरी गेलेल्या एका आजोबांचा रात्री दोनला श्वास खरखरू लागला. मुलाने सक्शन करायला घेतलं, तर कॅथेटर चार सेंटिमीटरवर अडला. पुन्हा पुन्हा रेटत बसण्याऐवजी सुनेने आतली नळी उपसून काढली. टोकाला वाळलेल्या कफाचं बूच होतं! बाहेरच्या नळीतून श्वास लगेच मोकळा झाला. त्या दोन मिनिटांत रुग्णवाहिका काही पोचली नसती.

आतली नळी काढूनही कॅथेटर जात नसेल, तर फुग्याची नळी असल्यास फुग्यातली हवा काढा. तरीही श्वास नसेल तर अडकलेली नळी काढून दुसरी घाला. एव्हाना दुसऱ्या कुणीतरी 108 ला फोन केलेला हवा.

नळी निघून आली तरी हेच. भोक जुनं, मुरलेलं असेल तर मान मागे करून, आत गाईड म्हणजे नळी बसवताना घालायचा दांडा असलेली त्याच मापाची नळी हलकेच सरकवा आणि गाईड लगेच काढा. तो आत राहिला तर श्वास बंदच. नाही गेली तर एक माप लहान नळी. म्हणून दोन्ही उशाशी हव्यात. घरी जाण्याआधी सिस्टरसमोर हे एकदा स्वतःच्या हाताने करून घ्या. तीही न गेल्यास भोक गॉजने झाकून तोंडा-नाकावरून श्वास द्या. फक्त स्वरयंत्र काढलेल्या पेशंटचं भोक कधीच झाकायचं नाही, कारण त्याला श्वासाची दुसरी वाटच नसते.