त्या शेवटच्या शून्याबद्दल, जरा सविस्तर

ओळीतला सगळ्यात मोठा आकडा शोधून त्याच्या वरच्या हेडिंगमधलं नाव देणारा एक्सेलचा INDEX MATCH फॉर्म्युला मी एका पोस्टमध्ये दिला होता. त्यावर एका वाचकांची कमेंट अशी आहे:

«फॉर्म्युला उगाच लांबवलाय. शेवटी तो 0 कशाला? मी तो न घालता वापरतो, माझ्याकडं बरोबर उत्तर येतं. आणि आता XLOOKUP आलंय, हे INDEX MATCH जुनाट झालं. दोघांचा दर सारखाच असेल तर काय होतं तेही लिहिलं नाही. एका फोटोत डॉलर पण राहिलाय. लोकांना शिकवायच्या आधी स्वतः नीट चेक करत जा.»

साहेब, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं वाचताना तेच डोक्यात बसलं होतं. मी अकरा वर्षं एका कारखान्याच्या शेतकी ऑफिसात ऊसनोंदीच्या फायली सांभाळल्यात, त्यानंतर आमच्या तासगाव भागातल्या द्राक्षवाल्यांच्या गटाचे दरतक्ते मीच करतोय, आणि पोस्ट टाकायच्या आधी फॉर्म्युला माझ्या खऱ्या शीटवर चालवल्याशिवाय मी टाकत नाही. चूक दाखवा, शंभर वेळा दाखवा, पण «लोकांना शिकवायच्या आधी» असं समोरासमोर बसून बोलला असता का? मला नाही वाटत. चहा घेत बोललो असतो तर तुम्हीही म्हणाला असता, अहो तेवढा डॉलर राहिलाय बघा, आणि विषय संपला असता.

डॉलरचं मान्य. दुसऱ्या फोटोत हेडिंगची रेंज डॉलरशिवाय B1:F1 अशी उघडीच राहिली होती, त्यामुळं खाली ओढलं की ती B2:F2 होते आणि नावाच्या जागी वरच्या ओळीतला कुठला तरी दर येतो. फोटो बदललाय, तुमच्यामुळं बदललाय, आभार. फॉर्म्युला मात्र पोस्टमध्ये पहिल्यापासून असाच होता आणि असाच राहणार:

```
=INDEX($B$1:$F$1, MATCH(MAX(B2:F2), B2:F2, 0))
```

आता शून्य. तुमच्या कमेंटमधलं हे एकच वाक्य असं आहे की ते वाचून दुसरा कोणीतरी स्वतःच्या फाईलमधून शून्य काढून टाकेल, म्हणून याच्यावर मी लांब लिहिणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

MATCH मध्ये तिसरी जागा रिकामी सोडली की एक्सेल तिथं शून्य धरत नाही, 1 धरतं. शून्य म्हणजे तंतोतंत तोच आकडा शोध, डावीकडून एकेक बघत जा. आणि 1 म्हणजे, आकडे लहानापासून मोठ्याकडं लावलेले आहेत असं धरून चाल आणि मी दिलेल्या आकड्याएवढा किंवा त्याच्या खालचा सगळ्यात जवळचा दे. लावलेले आहेत का हे एक्सेल तपासत नाही, ते तुमच्यावर विश्वास ठेवतं. आणि लावलेलेच आहेत म्हटल्यावर ते एकेक बघतच नाही, शब्दकोशात आपण जसं मधलं पान उघडतो आणि शब्द पुढचा असला की अलीकडचा सगळा गठ्ठा सोडून देतो, तसं ते मधला सेल उघडतं.

हे माझ्याच शीटवरच्या एका ओळीवर दाखवतो. आमच्याकडं काय होतं, सिझनला व्यापारी बागेत येऊन माल बघतात, चार किलोच्या पेटीचा दर सांगून जातात, आणि गटात आम्ही ते लिहून ठेवतो. एका ओळीत एक शेतकरी, वर हेडिंगला पाच व्यापारी. नावं काढून अ, ब, क, ड, इ एवढंच ठेवतो. माझ्या चुलत्यांच्या बागेची ओळ अशी होती: अ २३१, ब २१८, क २०५, ड १९०, इ २१२. डोळ्यांनीही दिसतंय की जास्त दर अ चा आहे.

शून्य घालून बघा. MAX देतो २३१, MATCH पहिल्याच सेलला थांबतो, जागा 1, आणि INDEX हेडिंगमधलं पहिलं नाव देतो, अ. आता शून्य काढा. पाच सेलमधला मधला म्हणजे क चा, २०५. शोधायचंय २३१, ते २०५ पेक्षा मोठं, म्हणजे ते पुढंच असणार असं एक्सेल धरतं आणि क च्या अलीकडचे दोन सेल, ज्यात तो २३१ बसलाय, ते सोडूनच देतं, परत तिकडं बघतच नाही. मग ड चे १९०, तेही लहान, पुढं चला. मग इ चे २१२, तेही लहान, आणि पुढं काहीच उरलं नाही. तेव्हा शेवटचा सापडलेला लहान आकडा तोच उत्तर, जागा 5, नाव इ. एरर नाही, लाल रंग नाही, छान स्वच्छ नाव येतं, फक्त चुकीचं.

आणि आपण तर कायम MAX शोधतोय, हे लक्षात घ्या. ओळीतला कुठलाही दुसरा आकडा MAX पेक्षा लहानच असणार, म्हणजे त्या शोधाला प्रत्येक वेळी «पुढं जा» हेच उत्तर मिळणार. इतर कामात शून्य विसरलं तर कधी डावीकडं, कधी उजवीकडं चुकेल, पण इथं ते उजवीकडंच घसरतं आणि पाच कॉलमच्या ओळीत मोठा आकडा पहिल्या दोनात असला की शेवटच्याचंच नाव पुढं येतं. उलट मोठा आकडा शेवटच्या कॉलमला असला तर उत्तर बरोब्बर येतं. तुमच्याकडं बरोबर येतंय ना? मग तुमचे मोठे आकडे उजव्या बाजूला असणार, दुसरं कारण मला दिसत नाही. महिन्यागणिक वाढत जाणारी बेरीज असेल, वर्षागणिक वाढणारी विक्री असेल, त्यात हे लपून जातं.

माझ्याकडंही असंच लपलं होतं, म्हणून तर एवढं पोटतिडकीनं लिहितोय. पहिल्या वर्षी मीच शून्य घातलं नव्हतं. चौतीस शेतकऱ्यांच्या ओळी होत्या. व्यापारी ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं मी कॉलम घातले होते, आणि उशिरा येणारा आधीच्यानं काय दर केला हे गावात ऐकून येतो, त्याच्यावर दोन-पाच रुपये चढवतो, त्यामुळं बहुतेक ओळीत मोठा दर शेवटीच होता. मी वरच्या पाच ओळी डोळ्यांनी तपासल्या, पाचही बरोबर, आणि तक्ता गटात वाटला. नऊ ओळी चुकीच्या होत्या. चुलते तेव्हा मिरजेला दवाखान्यात होते, त्यांच्या मुलानं तक्ता बघून इ ला फोन केला, विसार घेतला, शब्द देऊन झाला. संध्याकाळी चुलते घरी आले आणि म्हणाले, अरे पहिला आलेला माणूस दोनशे एकतीस म्हणाला होता की रे. सहाशे पेट्यांचा माल होता. पेटीमागं एकोणीस रुपये, अकरा हजार चारशे. विसार परत करायचा नाही हा त्यांचा हट्ट, दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणाले, आणि माल त्याच दरानं गेला. मला ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून तो शून्य माझ्याकडून एकदाही सुटलेला नाही, आणि तुम्ही म्हणताय कशाला.

XLOOKUP बद्दल एवढंच, चांगलं आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण ते एक्सेल २०२१ पासून पुढं आणि ३६५ मध्ये आहे, आमच्या गटाच्या कॉम्प्युटरवर २०१३ आहे, आणि तिथं ते लिहिलं की #NAME? येतं. माझे वाचक बरेचसे असल्याच मशीनवर बसतात, त्यांना मी नसलेलं फंक्शन सांगून काय उपयोग. एक मात्र खरं, XLOOKUP काही न सांगता तंतोतंतच शोधतं, तिथं शून्य लागत नाही. मला वाटतं तुमची सवय तिथून आलीय आणि ती तुम्ही MATCH ला लावलीत. MATCH ला ती चालत नाही.

सारख्या दराचं म्हणाल तर पहिल्याचंच नाव येतं, हो, डावीकडचं. पोस्टचा विषय तो नव्हता. ज्याला पाहिजे त्यानं शेजारी हे घालावं आणि TRUE आलं की ती ओळ हातानं बघावी:

```
=COUNTIF(B2:F2, MAX(B2:F2))>1
```

द्राक्षाच्या दरात तर सारखा दर आला की शेतकरी फोन करून कोण रोख देतो ते विचारतो, तिथं फॉर्म्युल्यानं ठरवायचं काही नसतंच.

आणि चेक करायचंच म्हणत असाल तर तुमच्या फाईलमध्ये एक रिकामा कॉलम घ्या, G2 मध्ये हे टाका, तुमच्या सवयीप्रमाणं शून्य न घालता, आणि खालपर्यंत ओढा:

```
=INDEX(B2:F2, MATCH(MAX(B2:F2), B2:F2))=MAX(B2:F2)
```

याचा अर्थ एवढाच की तुमच्या पद्धतीनं जी जागा सापडली तिथला आकडा खरंच सगळ्यात मोठा आहे का. कॉलम वेगळे असतील तर रेंज तुमच्या बदला. वरच्या पाच ओळी बघून थांबू नका, मी थांबलो होतो, फिल्टर लावून FALSE शोधा. सगळीकडं TRUE आलं तर मग एकच करा, शेवटचा कॉलम कापून ओळीच्या सुरुवातीला आणून ठेवा, आकडे तेच, फक्त जागा बदलली, रेंज परत B पासून F पर्यंत आहे ना बघा, आणि परत फिल्टर लावा. FALSE आलेली कुठलीही एक ओळ, नावं काढून, इथं खाली टाका. मी उत्तर देईन, आणि नीट शब्दात देईन.