दीपावळीतला ळ

दिवाळीला ग्रुपवर सगळ्यांच्या भाषेत एकच शुभेच्छा धाडायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं, त्याला माझा आगाऊ नमस्कार. मजकूर एका ओळीचा, घोळ मात्र आठ लिप्यांचा.

बहुतेकजण हिंदी 'दीपावली' उचलतात, अक्षरांमागून अक्षरं दुसऱ्या लिपीत बदलून घेतात आणि पाठवून मोकळे होतात. ळ मरतो तो इथेच. ळ आपलीच मिरास असं आपल्याला वाटतं; पण तमिळ, कन्नड, तेलुगू आणि ओडिया, चारही भाषांत या शब्दाच्या शेवटी ळच आहे. तमिळमध्ये தீபாவளி लिहायचं, ள वापरून. तिथे ல पडला की தீபாவலி होतं, आणि 'वली' म्हणजे तमिळमध्ये दुखणं. म्हणजे आपण कोणा दीपाच्या कळा साजऱ्या करतोय!

याहून धोकादायक म्हणजे तपासणारा शहाणा. तमिळमध्ये त आणि द दोन्हींना एकच अक्षर, த. ते न कळल्यामुळे हा गृहस्थ 'अरे, हे तीपावळी झालंय' म्हणत ட घालतो. டீ म्हणजे चहा. दुखणं गेलं, चहा आला.

बंगाली आणि असमिया लिपी दिसायला जुळ्या बहिणी, म्हणून एकच ओळ दोघांना चालवायचा मोह होतो. बंगालीत দীপাবলি, असमियात দীপাৱলি. फरक व चा आहे: असमिया ৱ ला खाली छोटी तिरकी रेघ असते. बंगाली कीबोर्डवर ती शोधत बसू नका, फोनमध्ये असमियाचा वेगळा कीबोर्ड घ्या.

मायेचं म्हणाल तर ती भाषांतरात गळते. पंजाबीत 'लख लख वधाइयां' म्हटलं की घरात शिरल्यासारखं वाटतं. आपल्या 'हार्दिक शुभेच्छां'चं शब्दशः रूप दिलंत तर नगरपालिकेची सूचना वाटते. गुजरातीतलं 'साल मुबारक' गोड आहे, पण ते लक्ष्मीपूजनाला नव्हे, दुसऱ्या दिवशी, त्यांच्या नववर्षाला. आपला पाडवा तोच.

कार्ड बनवून चित्र पाठवायचं असेल तर एकदा मोठं करून बघा. ह्रस्व इकार अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसला असेल किंवा मात्रेला ठिपक्यांचं वर्तुळ चिकटलं असेल, तर त्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. साधा मजकूर पाठवा, तो फोन स्वतः जुळवतो.

आणि शेवटी, त्या त्या भाषेच्या माणसाला 'बरोबर आहे ना?' असं विचारू नका. सणासुदीला सगळेच 'हो हो, छान' म्हणतात. 'जरा मोठ्याने वाचून व्हॉइस नोट पाठवा' म्हणा. तमिळ शेजाऱ्याच्या तोंडून 'वली' निघालं, की ल आणि ळ मधला फरक मराठी कानाला लगेच कळतो.