ऑपरेशनच्या फॉर्मवर सही म्हणजे नक्की काय

"ऑपरेशनच्या फॉर्मवर सही केली की विषय संपला, काही झालं तरी डॉक्टरवर केस करता येत नाही. फॉर्म दुसऱ्या भाषेत असेल तर फोटो काढून अ‍ॅपमध्ये टाका, सगळं कळतं. आणि जेवढे धोके लिहिलेत तेवढं ऑपरेशन डेंजर समजा."

असं बरेच जण सांगतात, पण यातलं एकही तसं नाही. आधी फोटोचं बघू, कारण बाकी सगळं त्यावरच येतं. माझ्या मावशीचं पित्ताशयाच्या खड्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन बंगळुरूला ठरलं, फॉर्म कन्नडमध्ये, तिच्या मुलाने फोटो काढून मराठी करून घेतलं आणि मला पाठवलं. छापलेलं बरंचसं नीट आलं होतं, पण ऑपरेशनचं नाव, डॉक्टरचं नाव आणि भूल कुठली हे सगळं पेनाने लिहिलेलं होतं आणि तेच आलं नव्हतं. मागची बाजू तर त्याने काढलीच नव्हती, रक्त चढवायची परवानगी त्या पानावर होती. म्हणून फोटो दोन्ही बाजूंचे काढा, कागद सपाट ठेवून, चारही कडा दिसतील असे, आणि हाताने लिहिलेलं असेल ते डॉक्टरांकडून तोंडी वाचून घ्या. कुठे रिकामी जागा असेल तर ती भरल्याशिवाय सही करू नका. 'नाही', 'शिवाय', 'गरज पडल्यास' असे शब्द असलेली वाक्यं तर भाषा येणाऱ्या माणसालाच दाखवा, तिथे अ‍ॅपने एक नकार जरी गाळला तरी अर्थ उलटा होतो.

आता धोक्यांची यादी. यादीत शेजारी शेजारी असलेल्या दोन ओळी सारख्या वजनाच्या नसतात. मावशीच्या फॉर्मवर 'पोट उघडून ऑपरेशन करावं लागू शकतं' आणि 'पित्तनलिकेला इजा' या एकाखाली एक होत्या. पहिलं शंभरात साधारण पाच जणांच्या बाबतीत होतं, सूज जास्त असेल तर आणखी, आणि त्यात चूक काहीच नाही, आतलं नीट दिसत नसताना सर्जनने दुर्बिणीचा हट्ट सोडला ही उलट चांगली गोष्ट. दुसरं हजारात तीन ते पाच इतकं कमी, पण झालं तर पुन्हा मोठं ऑपरेशन लागू शकतं. यादी किती लांब यावरून काही कळत नाही, डॉक्टरांना प्रत्येक ओळीबद्दल दोनच गोष्टी विचारा, माझ्या केसमध्ये हे किती वेळा होतं आणि झालं तर तुम्ही काय करणार.

आणि केस करता येत नाही हे तर साफ चूक आहे. सही म्हणजे हे धोके मला सांगितले, समजले, आणि हे ऑपरेशन करायला माझी परवानगी आहे, एवढंच. काळजी घेऊनसुद्धा नलिकेला इजा झाली तर निव्वळ तेवढ्यावर डॉक्टर दोषी ठरत नाही हे खरं आहे, पण ऑपरेशननंतर ताप, वाढती पोटदुखी, कावीळ असं सगळं दिसत असताना कोणी तपासलंच नाही तर तो निष्काळजीपणा झाला, आणि 'हॉस्पिटल जबाबदार राहणार नाही' या छापील ओळीने तो माफ होत नाही. पैसे घेऊन दिलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात हे सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच सांगितलंय.

सगळ्यात नीट वाचायची ओळ 'गरज वाटल्यास इतर प्रक्रिया' ही. सुप्रीम कोर्टाचा 2008 चा समीरा कोहली निकाल याबद्दलच आहे. दुर्बिणीच्या तपासणीसाठी आलेल्या बाईंना भूल दिलेली असताना डॉक्टरांनी आईची सही घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले, आणि कोर्टाने सांगितलं की तपासणीची परवानगी म्हणजे अवयव काढायची परवानगी नाही, पेशंट सज्ञान आहे आणि थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे तर आईची सही चालत नाही. जीव वाचवायला किंवा तब्येतीचं मोठं नुकसान टाळायला लगेच करावं लागलं, थांबणं शक्यच नव्हतं, तर गोष्ट वेगळी. पण 'पेशंटच्या फायद्याचंच होतं', 'दुसरं ऑपरेशन वाचलं' ही कारणं कोर्टाने मान्य केली नाहीत. त्यामुळे मावशीने त्या ओळीखाली लिहून घेतलं की पित्ताशय सोडून दुसरा कुठला अवयव काढायचा असेल तर जीवाला धोका नसेल तोवर आधी मला विचारा, आणि डॉक्टरांनी कुरकुर न करता शेजारी सही केली.

सही केल्यावरही भूल देईपर्यंत नाही म्हणता येतं. बऱ्याच फॉर्मवर शेवटी दुभाष्याच्या नावाची आणि सहीची जागा असते, मावशीच्या फॉर्मवर ती कोरी होती, मग वॉर्डातल्या हिंदी येणाऱ्या सिस्टरने सगळा फॉर्म तिला वाचून दाखवला आणि तिथे सही केली, त्यानंतर मावशीने.